ऐंशी पाइप कोरे राहिले

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मिरजोळे एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये प्रायमरचा दुसरा डबा खरवडून संपला. खांब झाले होते, प्लेटा झाल्या होत्या, अँगलही पाच-सहा सोडले तर सगळे झाले होते. पण घोड्यांवर मांडलेले ८० चौकोनी पाइप, प्रत्येकी ६ मीटरचे, ब्लास्टिंग करून, म्हणजे बारीक कणांच्या जोरदार माऱ्याने साफ होऊन आलेले, तसेच राखाडी-पांढरे पडून होते. पेंटरकाकांनी गनचा होज खाली ठेवला आणि माझ्याकडे नुसते बघितले.

काम एका हापूसच्या बागायतदाराचे होते. रत्नागिरीच्या उत्तरेला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर त्यांची बाग आहे. तिथे आंबा भरायला शेड हवी होती, २४ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद. बागेत जाणारी पाखाडी इतकी अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, की छताची जोडलेली कैची तिथून जाणे शक्य नव्हते. म्हणून सगळी शेड सुट्या भागांची, बोल्टची केली होती. सुटे भाग ब्लास्ट करायचे, वर्कशॉपमध्येच प्रायमर आणि मधला कोट द्यायचा, जागेवर उभे करायचे आणि वरचा कोट तिथे मारायचा, असे ठरले होते.

प्रायमर मी कसा काढला होता ते सांगतो. आदल्या वर्षी आम्ही ३०० च्या आय बीमची एक जड फ्रेम केली होती. तिला टनाला साडेपाच लिटर प्रायमर लागला होता, ते वहीत लिहून ठेवले होते. या शेडचे लोखंड ७ टनांच्या थोडे वर. गुणाकार केला, ३९ लिटर आले. इपॉक्सी प्रायमर २० लिटरच्या संचात मिळतो, १६ लिटर बेस आणि ४ लिटर हार्डनर. दोन संच मागवले आणि एक लिटर उरेल म्हणून निर्धास्त राहिलो.

तोच प्रायमर रत्नागिरीत लगेच मिळेना. कोल्हापूरहून आंबा घाटाने यायला तीन दिवस लागणार होते. दुकानदाराने रेड ऑक्साइड पुढे केला. तो मी घेतला नाही, कारण साध्या रेड ऑक्साइडवर इपॉक्सीचा मधला कोट मारला की त्यातले तिखट सॉल्व्हंट खालचा थर फुगवते आणि सुरकुत्या पडून तो उचलला जातो. तर पाइप तीन दिवस तसेच राहिले. ब्लास्ट केलेल्या लोखंडावर एरवी त्याच दिवशी, शक्य तर चार तासांत प्रायमर जायला हवा. आमच्याकडची हवा खारी, पहाटे दव पडते. दुसऱ्या सकाळी पाइपांवर पिवळट झाक होती, तिसऱ्या सकाळी बोट फिरवले तर बोटाला गंज लागत होता. ट्रकचे भाडे वाचवायला मी सगळे लोखंड एकदम ब्लास्ट करून आणले होते. ते ८० पाइप पुन्हा ब्लास्टिंगच्या यार्डात गेले. गोड्या पाण्याने धुणे, पुन्हा ब्लास्टिंग आणि दोन फेऱ्यांचे भाडे हे सगळे माझ्या अंगावर पडले.

त्या रात्री मी कटिंग लिस्ट घेऊन बसलो.

रंग वजनावर बसत नाही, पृष्ठभागावर बसतो, हे मला माहीत नव्हते असे नाही. पण एका टनाचा पृष्ठभाग सेक्शनप्रमाणे, म्हणजे बीम, अँगल की पाइप त्याप्रमाणे, किती बदलतो हे मी कधी मांडून पाहिले नव्हते. आमचा सगळा धंदा किलोवर चालतो. लोखंड किलोने येते, फॅब्रिकेशनचे बिल किलोवर होते, म्हणून रंगही किलोवरूनच काढायची सवय लागून गेली आहे.

प्रत्येक सेक्शनचा एक मीटर तुकडा घ्यायचा आणि त्याच्या छेदाच्या कडेकडेने दोरा फिरवायचा. दोऱ्याची लांबी मीटरमध्ये जितकी भरेल, तितके चौरस मीटर त्या एका मीटर तुकड्याला रंगवायचे. माझ्याकडच्या जुन्या स्टील टेबलात हा आकडा दिलेलाच नाही. तिथे ‘क्षेत्रफळ’ म्हणून जो रकाना आहे ते छेदाचे क्षेत्रफळ, चौरस सेंटीमीटरमध्ये. त्याचा रंगाशी काही संबंध नाही. वर्कशॉपमधल्या एका मुलाने पूर्वी तोच आकडा रंगासाठी धरला होता, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आय बीमला दोरा फिरवणे सोपे आहे. उंचीच्या दुप्पट, अधिक फ्लँजच्या म्हणजे वरखालच्या आडव्या पट्टीच्या रुंदीच्या चौपट, वजा वेबच्या म्हणजे मधल्या उभ्या पट्टीच्या जाडीची दुप्पट. आमचे खांब २०० च्या बीमचे होते. उंची २०० मिलिमीटर, फ्लँज १००, वेब साधारण ५.७. म्हणजे ४०० अधिक ४०० वजा ११, असे ७८९ मिलिमीटर. मीटरला ०.७९ चौरस मीटर धरले. आतल्या कोपऱ्यांच्या गोलाईमुळे खरा आकडा दोन-तीन टक्क्यांनी कमी भरतो, पण तेवढे मी राहू दिले. समान भुजांच्या अँगलला भुजेची चौपट. ५० बाय ५० ला ०.२० चौरस मीटर, मग जाडी ५ असो की ६. चौकोनी पाइपला फक्त बाहेरची बाजू. ८० बाय ४० ला २४० मिलिमीटर, चार कोपऱ्यांची गोलाई वजा जाता ०.२३ चौरस मीटर. आतली बाजू रंगवता येत नाही, म्हणून ती धरत नाही. पण मग आत हवा शिरता कामा नये. आम्ही पाइपांची दोन्ही तोंडे पट्टी वेल्ड करून बंद केली होती आणि बोल्टसाठी पाइपला भोक न पाडता खाली पट्ट्या जोडल्या होत्या. समुद्राकाठी उघड्या तोंडाचा पाइप आतून कुजतो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत चांगला दिसत राहतो.

मग लांब्या मांडल्या. खांब १४, प्रत्येकी साडेचार मीटर, म्हणजे ६३ मीटर आणि ५० चौरस मीटर. सात कैच्या आणि ब्रेसिंग मिळून ५० बाय ५० बाय ६ चा अँगल ५५० मीटर, म्हणजे ११० चौरस मीटर. परलिन, म्हणजे छताचा पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे पाइप, आणि बाजूचे आडवे पाइप मिळून ४८० मीटर, तेही ११० चौरस मीटर. गसेट, बेसप्लेट आणि क्लीट या जोडाच्या प्लेटांच्या दोन्ही बाजू धरून १२. बेरीज २८२ चौरस मीटर.

बेरजेशेजारी मी प्रत्येकाचे टनाला किती चौरस मीटर पडतात तेही लिहिले आणि चूक तिथे समोर आली. आदल्या वर्षीचा ३०० चा बीम मीटरला साधारण ४५ किलो, पृष्ठभाग १.१४ चौरस मीटर, म्हणजे टनाला २५ चौरस मीटर. आत्ताचा २०० चा बीम टनाला ३२. अँगल मीटरला साडेचार किलो, म्हणून टनाला ४४. पाइप साडेपाच किलो, टनाला ४२. माझ्या ७.१ टनांचे मी नकळत १७८ चौरस मीटर धरले होते, प्रत्यक्षात होते २८२.

यामागचे कारण अगदी साधे आहे. एक चौरस मीटर पत्रा दर मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो भरतो आणि त्याला दोन बाजू असतात. त्यावरून उघड्या सेक्शनच्या एका टनाचे चौरस मीटर म्हणजे २५५ भागिले जाडी. ६ मिलिमीटरच्या अँगलला ४२ येतात, दोऱ्याने आलेल्या ४४ च्या जवळच. पाइपची एकच बाजू रंगवायची, म्हणून १२७ भागिले जाडी. ३.२ मिलिमीटरला ४०. बीम असो, अँगल असो वा चॅनेल, नाव काहीही असले तरी टनामागचा पृष्ठभाग जाडी ठरवते. २ मिलिमीटरच्या काळ्या झेड परलिनला तर टनाला १२७ चौरस मीटर पडतील. जड बीमच्या पाचपट!

सकाळी पेंटरकाकांना वही दाखवली. ते म्हणाले, “भाऊ, हे मी तुम्हाला दोन वर्षं सांगतोय. बीमच्या टनाला आणि अँगलच्या टनाला तुम्ही एकच दर देता. बीमचा टन माझा दोन दिवसांत होतो, अँगलच्या टनाला साडेतीन दिवस जातात.” त्यांनी ते सांगितले होते हे खरे. मी ते मजुरीची कुरकुर म्हणून ऐकले होते. त्या कामापासून त्यांचा दर चौरस मीटरवर लावला.

आता चौरस मीटरवरून लिटर. डब्याबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात व्हॉल्यूम सॉलिड्स म्हणून टक्के दिलेले असतात. रंग सुकल्यावर त्यातला किती भाग लोखंडावर उरतो, ते हे टक्के. एक लिटर रंग एक चौरस मीटरवर ओतून सारखा पसरला तर थर एक मिलिमीटरचा, म्हणजे १००० मायक्रॉनचा होतो. आमच्या प्रायमरचे सॉलिड्स ५० टक्के, म्हणून सुकून ५०० मायक्रॉन उरतात. हवे होते ६० मायक्रॉन. पाचशेला साठने भागले की लिटरला ८.३ चौरस मीटर.

पण ब्लास्ट केलेले लोखंड सपाट नसते. त्यावर बारीक टेकड्या आणि दऱ्या असतात आणि पहिला रंग दऱ्या भरण्यातच जातो. संरक्षण करायचे तर टेकड्यांच्या माथ्यावर ६० मायक्रॉन हवेत. मध्यम खडबडीत पृष्ठभागावर सुक्या थराच्या मोजणीतून २५ मायक्रॉन वजा करायची पद्धत आयएसओ १९८४० या मानकात आहे. मी तेच उलटे केले आणि प्रायमरच्या हिशेबात २५ मिळवले. म्हणजे ८५ मायक्रॉन, आणि लिटरला ५.९ चौरस मीटर. २८२ ला ४८ लिटर. हे २५ मायक्रॉन फक्त पहिल्या कोटाला लागतात. मधल्या कोटाच्या वेळी दऱ्या भरलेल्या असतात.

हे ४८ लिटर लोखंडावर राहायला हवेत. गनमधून निघालेला सगळा रंग लोखंडावर बसत नाही. रुंद बीमवर फवाऱ्याचा बराचसा भाग लोखंडावरच पडतो, पन्नास मिलिमीटरच्या अँगलवर दोन्ही कडांनी बाहेर जातो. अँगल आणि पाइपसाठी मी ३० टक्के वाया धरले. इथे एक चूक फार जण करतात, मीही करत असे. तीस टक्के वाया म्हणजे १.३ ने गुणायचे नाही, ०.७ ने भागायचे. गुणले तर ६२ लिटर येतात, भागले तर ६८.५. हवेत ३० टक्के जायला आधी डब्यात १०० असावे लागतात. म्हणजे ६९ लिटर, चार संच. मी दोन मागवले होते.

पडताळा म्हणून उलट हिशेबही केला. ४० लिटर गुणिले ०.७, भागिले चौरस मीटरला ०.१७ लिटर, म्हणजे १६५ चौरस मीटर. खांब, अँगल आणि प्लेटा मिळून होते १७२. पाच-सहा अँगल राहिले होते ते नेमके उरलेले सात चौरस मीटर. हे जुळले तेव्हा कुठे मला नव्या आकड्यांवर भरवसा आला.

नवे दोन संच आले, पाइप पुन्हा ब्लास्ट होऊन आले. या वेळी मी खडू घेऊन उभा राहिलो. माझ्या हिशेबाने २० लिटरच्या एका संचात ८२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५९ पाइप व्हायला हवे होते. दव वाळल्यावर दहाला सुरुवात केली. संच संपला तेव्हा मोजले तर ५२ पाइप. सात पाइपांचा फरक दोनच कारणांनी पडू शकतो. एक तर थर जाड बसतोय, नाहीतर हवेत जास्त जातोय. ओल्या थराची जाडी मोजायची दातेरी कंगवी लावून पाहिली. दहा टक्के थिनर मिसळलेल्या रंगाचा ६० मायक्रॉन सुका थर हवा तर ओला सुमारे १३० असायला हवा. कंगवीवर १२० चा दात ओला, १४० चा कोरा. थर बरोबर होता. म्हणजे जवळजवळ ३९ टक्के हवेत जात होते.

काकांनी गनचे नोझल पाहिले. बीमसाठी लावलेले, रुंद पंख्याचे नोझल तसेच होते. ८० मिलिमीटरच्या पाइपवर तो पंखा दोन्हीकडून सांडत होता. अरुंद पंख्याचे नोझल लावले. शिवाय पाइप लांब लांब ठेवण्याऐवजी घोड्यांवर मूठभर फट ठेवून शेजारी शेजारी मांडले, म्हणजे एका पाइपवरून सुटलेला फवारा पुढच्या पाइपवर पडतो. उरलेल्या २८ पाइपांना साडेनऊ लिटर लागले. हिशेब केला तर वाया गेलेला रंग जवळजवळ ३० टक्के.

मधल्या कोटाला सॉलिड्स ६० टक्के, थर १०० मायक्रॉन, म्हणजे लिटरला ६ चौरस मीटर. ४७ लिटर लोखंडावर, ०.७ ने भागून ६७. लागले ६३, कारण नोझल आता बरोबर होते.

कैच्यांची एक गोष्ट या हिशेबातून सुटू शकते. वरच्या आणि खालच्या दांड्याला दोन अँगल पाठीला पाठ लावून असतात, मध्ये गसेटच्या जाडीची, आमच्याकडे ८ मिलिमीटरची फट. जोडलेल्या कैचीला बाहेरून टेप फिरवून माप घेतले तर फटीतल्या दोन बाजू मोजल्याच जात नाहीत. आमच्या सात कैच्यांत त्या १७ चौरस मीटर होत्या. आणि नुसत्या मापातूनच नाही, रंगातूनही त्या सुटतात, कारण ८ मिलिमीटरमध्ये ब्रश जात नाही आणि गनचा फवारा कडेवरच अडतो. खारट ओल मात्र तिथे आरामात शिरते आणि वाऱ्याने वाळत नाही. खाडीकाठच्या जुन्या शेडमध्ये कैच्या आधी तिथूनच फुगतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. आमचे अँगल सुटे असल्याने त्या पाठी प्रायमर आणि मधला कोट देऊन, पूर्ण वाळवून मगच बोल्ट लावले. वरचा पॉलियुरेथेनचा कोट मुख्यतः उन्हासाठी असतो आणि फटीत ऊन येत नाही, म्हणून तो तिथे दिला नाही.

गन चालवण्याआधी काकांनी अँगलच्या कडा आणि बोल्टच्या भोकांचे काठ ब्रशने एकदा काढून घेतले होते. धारदार कडेवरून ओला रंग मागे सरकतो आणि नेमका तिथे थर पातळ पडतो. त्याला वेगळे लिटर मी धरले नव्हते, ते संचाच्या उरलेल्या भागातून गेले.

फेब्रुवारीत शेड उभी राहिली. वरचा कोटही गनने मारायचा माझा विचार होता. बागायतदारांनी हात जोडले. “अहो, कलमांवर मोहोर आहे. तुमचा फवारा वाऱ्याने मोहोरावर गेला तर मी काय करू?” त्यांचे बरोबर होते. खारा वारा दुपारी असा सुटतो की फवारा लोखंडापेक्षा बागेतच जास्त गेला असता. ब्रश आणि रोलरने करायचे ठरले आणि लिटरचा आकडा पुन्हा काढला. पृष्ठभाग २८२ मधून फटीतले १७ वजा, २६५. सॉलिड्स ५० टक्के, थर ६० मायक्रॉन, म्हणजे लोखंडावर ३२ लिटर. ब्रशला वाया मी १० टक्के धरतो, ०.९ ने भागून ३५. गनने तेच ४५ लागले असते आणि तिसरा संच घ्यावा लागला असता. दोन संचांत, ४० लिटरांत, काम होणार होते.

दोन भाग मिसळल्यावर हा रंग डब्यातच घट्ट व्हायला लागतो आणि उन्हात ते लवकर होते. म्हणून काकांनी पूर्ण संच एकदम न मिसळता मापाच्या भांड्याने चार-चार लिटर मिसळले. सहा दिवस लागले. शेवटच्या संध्याकाळी न मिसळलेला साडेतीन लिटर उरला. त्यातला एक लिटर पत्र्याचे स्क्रू बसवताना पडलेल्या ओरखड्यांना लागला. बाकीचा, हार्डनरचा डबा वेगळा बांधून, बागायतदारांच्या माळ्यावर ठेवला आणि डब्यावर खडूने लिहिले, ‘चार भाग बेस, एक भाग हार्डनर’.